लातूर, दुबई, म्युनिक, टोरंटो: सगळ्यांना जमेल असा गेम सर्व्हर कुठल्या शहरात घ्यावा

एकाच वर्गात शिकलेले पाच मित्र धरू. एक लातूरला, एक नांदेडला, एक नोकरीसाठी दुबईत, एक म्युनिकला आणि एक टोरंटोत. शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून माइनक्राफ्ट खेळायचं ठरतं, महिन्याचे पैसे वाटून घ्यायचंही ठरतं. सर्व्हर भाड्याने घ्यायला वेबसाइट उघडली की पहिलाच प्रश्न समोर येतो: लोकेशन कुठलं? मुंबई, सिंगापूर, फ्रँकफर्ट, लंडन, न्यूयॉर्क अशी यादी असते. बहुतेक जण डोळे झाकून मुंबई निवडतात, कारण पैसे भरणारा इथलाच असतो. दोन शनिवार उलटले की टोरंटोवाला कुरकुरायला लागतो, "अरे, मी ठोकळा फोडला की परत उगवतोय, आणि क्रीपर दिसायच्या आधी मी मेलेलो असतो." तिसऱ्या शनिवारी तो येतच नाही.

ही निवड नीट कशी करायची, ते याच पाच जणांना धरून बघू. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती गृहीत धरली आहे, पण मिळून खेळायच्या बहुतेक गेमना हीच पद्धत चालते.

पिंग म्हणजे नक्की काय मोजतो

तुमच्या कॉम्प्युटरवरून निघालेला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो, तो पिंग. मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. इंटरनेटचा वेग म्हणून आपण जे एमबीपीएस बघतो, त्याचा याच्याशी फार संबंध नाही. ३०० एमबीपीएसचं फायबर घेतलं म्हणून लातूर आणि टोरंटो जवळ येत नाहीत.

अंतराला एक पक्की खालची मर्यादा असते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाणं-येणं धरलं तर दर १०० किलोमीटर अंतराला १ मिलिसेकंद लागतो, हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा. मुंबई ते टोरंटो सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे कमीत कमी १२५ मिलिसेकंद. कुठल्याही कंपनीने कितीही भारी सर्व्हर दिला तरी याच्या खाली जाता येत नाही. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत नसते, वाटेत राउटर लागतात, म्हणून हा आकडा २०० च्या पुढे जातो.

आता केबलचा रस्ता. मुंबईच्या किनाऱ्यावरून निघालेल्या युरोपकडच्या बऱ्याच केबल अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात जातात, इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात उतरतात आणि फ्रान्समधल्या मार्सेसारख्या बंदरांत वर येतात. तिथून पुढे फ्रँकफर्ट, लंडन, आणि मग अटलांटिक पार करून अमेरिका-कॅनडा. थोडक्यात, लातूरहून टोरंटोला जाणारा निरोप बहुतेक वेळा युरोपवरूनच जातो. निम्म्या वाटेवर युरोप आहेच, तर सर्व्हर तिथेच ठेवला तर? दोन्ही टोकांना निम्मी-निम्मी वाट पडते. आपल्या सगळ्या निवडीचं गणित या एका गोष्टीभोवती फिरतं.

पायरी पहिली: आधी घरातलं तपासा

लांबच्या शहराला पिंग करण्याआधी स्वतःच्या राउटरला करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून `ipconfig` टाइप केलं की `Default Gateway` समोर एक पत्ता दिसतो. बऱ्याच घरांत तो `192.168.1.1` असतो. तुमचा जो असेल तो घालून हे चालवा:

```
ping -n 50 192.168.1.1
```

राउटर त्याच खोलीत आणि वायरने जोडलेला असेल तर १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी दिसतं. वायफायवर २ ते ५ असेल तरी ठीक. पण मधूनच ४०, ८०, १५० असे आकडे उसळत असतील तर दुखणं तुमच्या घरातच आहे. मग सर्व्हर मुंबईत असो की मंगळावर, लॅग राहणारच. आपल्याकडे राउटर बैठकीत आणि कॉम्प्युटर माडीवरच्या खोलीत, मध्ये दोन जाड भिंती, हा प्रकार फार. पंधरा-वीस मीटरची लॅन केबल ओढणं हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. तेवढं जमत नसेल तर निदान वायफायचा ५ गीगाहर्ट्झचा पट्टा वापरून बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याचे आकडे मात्र निवडीत धरू नका, ते दर मिनिटाला बदलतात.

पाचही जणांनी हे करायचं. एकाच्या घरातल्या वायफायमुळे सर्व्हरचं शहर चुकीचं ठरायला नको.

पायरी दुसरी: प्रत्येकाने आपल्या घरून, खेळायच्या वेळेला मोजायचं

इंटरनेटवर देशादेशांतल्या पिंगचे तक्ते सापडतात. त्यावर जाऊ नका. ते एका डेटा सेंटरपासून दुसऱ्या डेटा सेंटरपर्यंतचे असतात. तुमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचा निरोप आधी कुठे जातो, हे त्यांना माहीत नसतं.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या प्रत्येक शहरात चाचणीसाठी एक पत्ता उघडा ठेवतात. व्हल्टर या कंपनीचे हे चार घ्या. पैसे भरावे लागत नाहीत, खातंही लागत नाही:

```
ping -n 100 bom-in-ping.vultr.com
ping -n 100 sgp-ping.vultr.com
ping -n 100 fra-de-ping.vultr.com
ping -n 100 lon-gb-ping.vultr.com
```

अनुक्रमे मुंबई, सिंगापूर, फ्रँकफर्ट आणि लंडन. मॅक किंवा लिनक्सवर `-n` च्या जागी `-c` लिहा. ज्या कंपनीकडून शेवटी सर्व्हर घेणार, तिचा असा पत्ता असेल तर तोच वापरा. त्याचं कारण पुढे येईल.

वेळ महत्त्वाची. आपल्याकडे शनिवारी रात्रीचे दहा वाजलेले असतात तेव्हा दुबईत साडेआठ, उन्हाळ्यात म्युनिकला संध्याकाळचे साडेसहा आणि टोरंटोत दुपारचे साडेबारा. हिवाळ्यात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे म्युनिकला साडेपाच आणि टोरंटोत साडेअकरा. पाचही जणांनी याच वेळेला मोजायचं. सकाळी अकराला लातूरहून घेतलेला आकडा रात्री दहाला खरा ठरेलच असं नाही. तेव्हा अख्खी गल्ली मोबाइलवर मॅच नाहीतर मालिका बघत असते.

शंभर निरोप गेले की शेवटी असं काहीतरी दिसतं:

```
Packets: Sent = 100, Received = 100, Lost = 0 (0% loss)
Minimum = 127ms, Maximum = 141ms, Average = 131ms
```

हे छान आहे. आता दुसरं बघा: `Minimum = 96ms, Maximum = 412ms, Average = 128ms`, आणि वर `Lost = 4`. सरासरी पहिल्यापेक्षा कमी आहे, तरीही खेळायला पहिलं कितीतरी बरं. एकसारखा १३० चा पिंग हाताला सवयीचा होतो, आपण नकळत तेवढं आधी बटण दाबायला शिकतो. कधी ९६ आणि कधी ४१२ असेल तर सवय लागणार कशाची? या चढ-उताराला जिटर म्हणतात. माझ्या लेखी सरासरीच्या १५-२० वरखाली ठीक, त्यापुढे गडबड. हरवलेले निरोप शंभरात एखादा चालून जातो. तीन-चार हरवले तर आधी कारण शोधा.

पायरी तिसरी: आकडे एका कागदावर

आपल्या पाच जणांचे आकडे समजा असे आले. हे उदाहरणादाखल आहेत, पण अशा गटाचे साधारण याच घरात येतात.

| खेळाडू | मुंबई | सिंगापूर | फ्रँकफर्ट | लंडन |
|---|---|---|---|---|
| लातूर | २२ | ७५ | १३५ | १३० |
| नांदेड | २६ | ८० | १३९ | १३५ |
| दुबई | ४२ | ९० | ११८ | १२० |
| म्युनिक | १२८ | १६५ | १४ | २८ |
| टोरंटो | २१५ | २३५ | १०५ | ८८ |

सिंगापूर लगेच बाद. आशिया म्हणून लोक ते निवडतात, पण इथे ते कोणाच्याच वाटेवर नाही. मित्रांपैकी कोणी ऑस्ट्रेलियात किंवा मलेशियात असता तर गोष्ट वेगळी.

सरासरी काढली तर मुंबई ८७ च्या आसपास, लंडन १००, फ्रँकफर्ट १०२. म्हणजे मुंबई जिंकली? नाही. सरासरीत तिघांचं सुख टोरंटोवाल्याचं दुःख झाकून टाकतं. आणि लातूरवाल्याला २२ ऐवजी ६० मिळाले असते तरी माइनक्राफ्टमध्ये त्याला काही कळलं नसतं, मग त्या कमावलेल्या ३८ चं करायचं काय? बघायचं ते प्रत्येक रकान्यातल्या सगळ्यात मोठ्या आकड्याकडे. मुंबईत तो २१५, फ्रँकफर्टला १३९, लंडनला १३५. ज्या शहरात सगळ्यात जास्त सोसणाऱ्याला सगळ्यात कमी सोसावं लागतं, ते शहर निवडा.

मर्यादा कुठे धरायची? जावा आवृत्तीत खेळताना टॅबचं बटण दाबलं की नावांपुढे हिरव्या दांड्या दिसतात. पिंग १५० च्या खाली असेल तर पाचही दांड्या, ३०० च्या खाली चार. मिळून घरं बांधणं, खाणी खोदणं, थोडी मारामारी यासाठी १५० ही रेघ मला पटते. कारण असं की ठोकळा फोडल्यावर तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरची वाट न बघता तो फुटलेला दाखवतो, त्यामुळे लहान उशीर लपून जातो. पेटी उघडणं, खाली पडलेली वस्तू उचलणं, झोंबीला बसलेला फटका, हे मात्र सर्व्हरने हो म्हटल्याशिवाय होत नाही. दोनशेच्या पुढे हा उशीर डोळ्यांना दिसतो आणि लढताना जीव जातो.

या रेघेने बघितलं तर मुंबईत एक जण बाहेर पडतो. लंडन आणि फ्रँकफर्टला पाचही जण आत बसतात. त्या दोघांत चार-पाच मिलिसेकंदांचा फरक आहे, तो सोडून द्या. जिथे जिटर कमी आणि भाडं कमी, ते घ्या.

नेमबाजीच्या गेमला ही रेघ चालत नाही. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये १३५ चा पिंग म्हणजे कोपऱ्यावरून समोरचा आधी दिसणार आणि गोळी त्याचीच लागणार. या पाच जणांना एकाच सर्व्हरवर एकमेकांविरुद्ध नेमबाजी खेळायची असेल तर त्याला न्याय देणारं शहर पृथ्वीवर नाही. तिथे दोन गट करा आणि मोकळे व्हा.

मग कोण खरंच येतो ते विचारा

कागदावर लंडन आलं, पण टोरंटोवाल्याला लहान बाळ आहे आणि शनिवारी दुपारी साडेबाराला तो कॉम्प्युटरपुढे बसेलच याची खात्री नाही. तो दोन महिन्यांतून एकदा येणार असेल तर त्याला वगळून तक्ता परत बघा. मुंबईत सगळ्यात मोठा आकडा म्युनिकचा १२८, लंडनला नांदेडचा १३५. आता मुंबई दोन्ही बाजूंनी सरस, आणि तिघांना तर घरच्यासारखी. तेव्हा मुंबईच घ्या. टोरंटोवाल्याला आधीच सांगून ठेवा की तुला २१५ लागेल. तो नियमित असेल तर लंडन किंवा फ्रँकफर्ट. हे तोंडदेखलं विचारू नका. ग्रुपवर सगळेच "येतो रे" म्हणतात.

हैदराबाद जवळ आहे, मग ते का नको?

नांदेड आणि लातूरकरांच्या मनात हे येणारच. नकाशावर हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे, आणि ॲमेझॉनचं डेटा सेंटर तिथे २०२२ पासून आहे. पण निरोप नकाशावर चालत नाही, तुमच्या इंटरनेट कंपनीच्या तारेवर चालतो. मराठवाड्यातल्या पुष्कळ जोडण्या आधी पुणे-मुंबईकडे जातात आणि तिथून पुढे वळतात. तसं असेल तर नांदेडहून हैदराबादला लागणारा वेळ मुंबईपेक्षा जास्तही येऊ शकतो. आणि सरळ रस्ता मिळालाच तरी दोन-तीनशे किलोमीटरमध्ये वाचून वाचून किती वाचणार? वरच्या हिशेबाने २-३ मिलिसेकंद. परदेशातल्या मित्रांच्या केबल तर मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यालाच लागतात, त्यांना हैदराबाद आणखी पुढे पडतं. त्यामुळे या कामासाठी मुंबई सोडून हैदराबाद घेण्यात अर्थ नाही.

घरच्याच जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवायचा विचारही कोणीतरी काढतोच. राउटरच्या पानावर `WAN IP` बघा. तो `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून दिला आहे, आणि बाहेरून तुमच्या घरात थेट येता येत नाही. तो अडथळा नसला तरी वीज जाते, आणि लातूरची वीज गेली म्हणून टोरंटोवाला खेळातून बाहेर फेकला जाणं बरं नव्हे.

आकडा विचित्र आला तर

दुबईहून मुंबई समुद्रावरून दोन हजार किलोमीटरच्या आतच आहे. ३० ते ५० आकडा रास्त. पण दुबईवाल्याने मोजलं आणि १९० आले, तर? त्याचा निरोप सरळ न येता युरोपला वळसा घालून येत असण्याची शक्यता मोठी. लातूरहून नांदेडला जायला पुण्याची गाडी पकडावी तसं. असं होतं, कारण त्याची तिथली इंटरनेट कंपनी आणि सर्व्हरवाली कंपनी यांची तारांची जोडणी मुंबईत नसते, मार्सेला किंवा लंडनला असते. रस्ता असा बघतात, मॅक किंवा लिनक्सवर `tracert` च्या जागी `traceroute` लिहा:

```
tracert bom-in-ping.vultr.com
```

ओळीओळीने वाटेतले राउटर दिसतात. नावांत बऱ्याचदा शहराची खूण असते: `mrs` म्हणजे मार्से, `fra` फ्रँकफर्ट, `ldn` किंवा `lon` लंडन, `sin` सिंगापूर. दुबई ते मुंबईच्या वाटेत `mrs` दिसलं आणि त्याच ओळीपासून वेळ एकदम शंभराच्या पुढे उडी मारून शेवटपर्यंत तसाच राहिला, तर वळसा नक्की.

इथे नवखे एका गोष्टीला फसतात. मधल्याच एका ओळीवर `*` किंवा ३०० दिसतं आणि पुढच्या ओळींवर वेळ परत कमी असतो. तो दोष नव्हे. तो राउटर अशा चाचण्यांना उत्तर द्यायला प्राधान्य देत नाही, एवढंच. शेवटच्या ओळीपर्यंत टिकलेली वाढ तेवढी खरी.

वळसा निघाला तर शहर बदलण्याआधी कंपनी बदलून बघा. मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीची जोडणी वेगळी असते, तिच्या चाचणी पत्त्यावर तोच दुबईवाला ४० मोजू शकतो. ज्या कंपनीकडून सर्व्हर घेणार तिचाच पत्ता मोजा, असं वर म्हटलं ते यासाठी.

पैसे भरायच्या आधी एक शनिवार

दोन शहरं उरली की तासावर भाडं घेणाऱ्या कंपनीकडून दोन्हीकडे एकेक लहान सर्व्हर घ्या. साध्या, मॉड नसलेल्या गेमला पाच जणांसाठी ४ जीबी मेमरी पुरते. दोन्हीवर एकच दुनिया टाका, पाऊण तास इथे, पाऊण तास तिथे खेळा. कुठला सर्व्हर कुठे आहे हे सांगू नका. "लंडन" ऐकलं की लातूरवाल्याला लॅग दिसायलाच लागतो.

खेळताना अडखळलं तर दोष अंतराचा की सर्व्हरचा, हे ओळखायला सोपं आहे. सर्व्हरच्या खिडकीत अशी ओळ आली:

```
Can't keep up! Is the server overloaded?
```

तर सर्व्हरचा प्रोसेसर दमला आहे. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा सगळ्या दुनियेचा हिशेब करतो, म्हणजे एका हिशेबाला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात तो उरकला नाही की सगळ्यांनाच एकदम अडखळतं, अगदी २८ पिंगवाल्या म्युनिककरालाही. तेव्हा शहर बदलून उपयोग नाही, व्ह्यू डिस्टन्स कमी करा किंवा मोठा सर्व्हर घ्या. एकट्यालाच अडखळत असेल तर मात्र त्याचा पिंग आणि त्याचं वायफाय.

शहर ठरलं की मित्रांना आकड्यांचा पत्ता देऊ नका. एखादं डोमेन असेल तर त्यावर एक नाव तयार करून ते द्या, आणि त्याचा `TTL`, म्हणजे नावामागचा पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, ३०० ठेवा. पुढे सर्व्हर हलवावा लागला तर नावामागचा पत्ता बदलायचा, मित्रांना काही करावं लागत नाही. हलवताना सर्व्हरच्या खिडकीत `stop` लिहून तो नीट बंद करायचा, `world` नावाचं फोल्डर झिप करून नव्या सर्व्हरवर न्यायचं आणि गेमची आवृत्ती तीच ठेवायची. चालू सर्व्हरची कॉपी घेतली तर दुनियेचे तुकडे खराब होऊ शकतात.

हलवायची वेळ खरंच येते. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तान, आखाती देशांतलं इंटरनेट मंदावलं. अशा वेळी वाहतूक लांबच्या वाटेने वळते. लंडनवर खेळणाऱ्या लातूर-नांदेड-दुबईवाल्यांचा पिंग एकदम वाढला आणि म्युनिक-टोरंटोचा होता तसाच राहिला, तर केबलच्या बातम्या बघा आणि पाचही जणांकडून तेच चार `ping` परत करून घ्या. समुद्रातली केबल दुरुस्त व्हायला आठवडे लागू शकतात. तेवढ्यापुरता सर्व्हर मुंबईत आणायचा की नाही, ते त्या दिवशीचा नवा तक्ता बघून ठरवा. टोरंटोवाल्याची वाटही तांबड्या समुद्रातूनच येते, तेव्हा मुंबईत आणल्यावर त्याचा आकडा २१५ राहणार नाही.